लग्नातला शर्ट, हळदीचा डाग आणि ड्रायक्लीनरला एक पत्र

ड्रायक्लीन होऊन आलेला एखादा कपडा तुमच्याही कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत तसाच लटकलेला असेल. दुकानातून आणला, हँगरसकट अडकवला आणि आपण विसरलो. जमलं तर हा मजकूर वाचायच्या आधी ती पिशवी काढून कपडा खिडकीपाशी नेऊन बघा. आम्ही दहा दिवस बघितला नाही आणि त्या दहा दिवसांची कबुली पुढे पत्रात द्यावी लागली.

शर्ट माझ्या भाच्याचा. लग्न इंदूरला झालं, मे महिन्यात. ताईचं सासर तीन पिढ्या इंदूरचं, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असा कारभार. भाचा नोकरीला बंगळुरूला असतो. रिसेप्शनला त्याने घातलेला मोतिया रंगाचा सुती शर्ट दिसायला अगदी साधा होता. पण त्याचं कापड त्याच्या वडिलांनी घेऊन ठेवलं होतं. "हा घोड्यावर बसेल तेव्हा शिवू" असं म्हणून भावजींनी ते कपाटात ठेवलं आणि शिवायची वेळ आली तेव्हा ते नव्हते. त्यामुळे हा शर्ट दिवाळसणालाही घालायचा, असं भाच्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

रिसेप्शनच्या जेवणात कुणाचा तरी धक्का लागला आणि मसालेभाताचा घास छातीवर पडला. तूप आणि हळद, दोन्ही एकदम. भाच्याच्या चुलतभावाने त्याला लगेच बेसिनपाशी नेलं आणि हात धुवायचा साबण खसखसून चोळला. पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला! दोघंही घाबरले, पाणी मारलं, वर कोट चढवला आणि फोटोला उभे राहिले.

हळदीचं हे लाल होणं तुम्हीही कधी ना कधी पाहिलं असेल. हळदीत जो पिवळा रंग असतो, तो साबणासारख्या क्षारयुक्त पदार्थाशी गाठ पडली की तांबूस होतो. लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर यांसारखं काही आंबट लागलं की पुन्हा पिवळ्याकडे वळतो. कुंकू बनवताना हळदीला चुना लावतात तो याच गुणामुळे. म्हणजे शर्टावर नवा डाग पडलेला नव्हता, जुन्यानेच रंग बदलला होता. पण डाग काढणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो त्या तांबूस ठिपक्याला पानाचा किंवा चहाचा डाग समजतो आणि भलताच इलाज करतो.

चार दिवसांनी, १२ मे रोजी, शर्ट दुकानात गेला. पाच कपडे एकत्र दिले: दोन शालू, एक कोट, एक शेरवानी आणि हा शर्ट. काउंटरवरच्या मुलाने कपडे मोजले आणि पावती फाडली. डाग कुठे आहे, कशाचा आहे, हे आम्ही सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. १९ मे रोजी कपडे आले. २९ मे रोजी ताईने पिशवी काढली, तर डाव्या बाजूला, खिशाच्या वर, पाच रुपयांच्या नाण्याएवढा पिवळट तपकिरी डाग. त्यावर कडक इस्त्री मारलेली.

ताईने त्या रात्री पत्र लिहिलं आणि मला पाठवलं. त्यात तीन वाक्यं होती. "तुम्ही आमच्या मुलाच्या लग्नाच्या शर्टाची वाट लावली आहे. शर्टाची पूर्ण किंमत परत करा. नाहीतर ग्राहक न्यायालयात खेचू."

राग खरा होता, पण पहिलंच वाक्य खोटं होतं. डाग आमचा होता, दुकानाने पाडलेला नव्हता. हे पत्र दुकानात गेलं असतं तर समोरून एकच वाक्य आलं असतं, "डाग तर तुमचाच होता, ताई," आणि विषय तिथेच संपला असता. शिवाय शर्टाची किंमत परत मिळून आम्ही काय करणार होतो? भावजींनी घेतलेलं कापड दुकानातून पुन्हा आणता येणार नव्हतं. आम्हाला डाग काढून हवा होता आणि तो काढू शकणारा माणूस तोच होता, ज्याला आम्ही कोर्टात खेचायला निघालो होतो.

म्हणून आम्ही दोघी बसलो आणि आधी एकच गोष्ट ठरवली: दुकानाची चूक नेमकी कोणती? डाग निघाला नाही ही चूक म्हणता येईलच असं नाही. ड्रायक्लीनमध्ये कपडा पाण्याऐवजी एका द्रावणात धुतात. आपल्याकडे लोक त्याला अजूनही पेट्रोल वॉश म्हणतात. हे द्रावण तूप, तेल, मेकअपचा चिकटपणा उत्तम काढतं. हळदीचा रंग मात्र सुती धाग्यात मुरलेला असतो. तूप निघून जातं आणि पिवळा रंग पुष्कळदा मागे राहतो. त्यासाठी मशीनमधून काढल्यावर त्या जागेवर वेगळं, हाताने काम करावं लागतं. दुकानवाले त्याला स्पॉटिंग म्हणतात.

दुकानाकडून चुकल्या त्या दोन गोष्टी. डाग उरलेला असताना त्यावर इस्त्री झाली. उष्णतेने असे डाग आणखी पक्के बसतात, म्हणून डाग तपासल्याशिवाय इस्त्री करायची नसते. आणि डाग निघाला नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. शर्ट गुपचूप पिशवीत घालून दिला. चांगली दुकानं अशा वेळी कपड्याला चिठ्ठी लावतात, की आम्ही प्रयत्न केला, आणखी जोर लावला तर कापड खराब होईल. ती चिठ्ठी असती तर तक्रारीचं कारणच उरलं नसतं.

पत्र लिहिण्याआधी आणखी एक खात्री करून घेतली. तो डागच आहे ना, की तिथला रंग उडाला आहे? दोन्ही लांबून सारखे दिसतात. दिवसाच्या उजेडात कापड उलटसुलट करून बघायचं. मूळ कापडापेक्षा जागा गडद असेल तर वर काहीतरी बसलेलं आहे आणि ते निघण्याची आशा आहे. मूळ रंगापेक्षा फिकी असेल तर तिथला रंगच गेला आहे आणि कितीही धुतलं तरी तो परत येत नाही. मग तक्रार वेगळी आणि मागणीही वेगळी. आमची जागा गडद होती. हे घरातल्या पिवळ्या दिव्याखाली बघू नका. त्या उजेडात पिवळा डाग लपतो. दुकानातून आणताना आम्हाला तो दिसला नाही, त्याचंही बहुधा हेच कारण असावं. संध्याकाळी साडेसातला कपडे घेतले होते.

मग हे पत्र झालं. दुकानात दिलं ते हिंदीत. तुमच्या गावातला दुकानदार जी भाषा सहज वाचतो, तीत लिहा. इथे मराठीत देते आहे.

"दिनांक २ जून

मा. व्यवस्थापक यांस,

स.न.वि.वि.

१२ मे रोजी आम्ही आपल्याकडे पाच कपडे ड्रायक्लीनसाठी दिले होते. पावती क्रमांक ४१७. कपडे १९ मे रोजी परत मिळाले. दोन्ही शालू, कोट आणि शेरवानी उत्तम झाली आहेत, त्याबद्दल आभार.

पाचवा कपडा मोतिया रंगाचा सुती शर्ट आहे. त्याच्या डाव्या बाजूला, खिशाच्या वर, साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढा डाग तसाच आहे आणि त्यावर इस्त्री झालेली आहे. डाग निघाला नसल्याचं आम्हाला कपडे देताना सांगितलं गेलं नाही. आम्ही पिशवी २९ मे रोजी उघडली. हा उशीर आमच्याकडून झाला.

डाग ८ मे रोजी पडला. तो मसालेभाताचा, म्हणजे हळद आणि तुपाचा आहे. त्याच वेळी त्यावर हात धुण्याचा साबण चोळला गेला आणि डाग लाल झाला होता. नंतर वाळल्यावर तपकिरी झाला. ही माहिती आम्ही कपडे देताना सांगायला हवी होती. परत आल्यापासून शर्ट घातलेला नाही, धुतलेला नाही आणि घरी कोणताही उपाय केलेला नाही. आपली क्रमांकाची चिठ्ठी कॉलरला तशीच आहे.

आमची विनंती अशी की, हा शर्ट पुन्हा तपासून डागावर हाताने काम करून द्यावं आणि त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. काम सुरू करण्याआधी डाग किती निघेल आणि कापडाला काही धोका आहे का, हे कृपया फोनवर सांगावं. धोका असेल तर आम्हाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. डाग निघणारच नसेल तर तसं स्पष्ट सांगून शर्टाचे घेतलेले १५० रुपये परत करावेत.

शर्ट ज्याचा आहे तो १५ जूनला बंगळुरूला परत जात आहे. त्यामुळे १२ जूनपर्यंत कळवलंत तर बरं होईल. हे कापड त्याच्या दिवंगत वडिलांनी घेतलेलं आहे, म्हणून आम्हाला नवा शर्ट नको, हाच नीट करून हवा आहे.

सोबत पावतीची प्रत आणि दोन फोटो जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक"

यातल्या काही ओळींवर ताईशी बरीच वादावादी झाली. आभाराची ओळ तिला अजिबात नको होती. पण चार कपडे खरोखर चांगले झाले होते. ते लिहिल्याने आपण उगाच भांडायला आलेलो नाही हे समोरच्याला कळतं आणि पाचव्या कपड्याची तक्रार खरी वाटते.

साबणाची कबुली तर तिला आत्मघात वाटत होती. "आपणच सांगायचं आपली चूक?" हो. कारण ती ओळ दुकानातल्या कारागिरासाठी होती. डाग कशाचा, किती दिवसांचा आणि त्यावर आधी काय लावलं, हे कळलं की त्याचं निम्मं काम होतं. हे लपवलं असतं तर आपण पत्रातली बाजू राखली असती आणि शर्ट गमावला असता. उशिराचंही तसंच. पावतीवर आणि त्यांच्या वहीत तारखा असतातच. आपण आधी लिहिल्या तर त्या आपल्यावर उलटत नाहीत.

मात्र "शर्ट घातलेला नाही, धुतलेला नाही" ही ओळ लिहिता यायला हवी, म्हणजे तसं वागलेलं असायला हवं. डाग दिसल्याबरोबर आपला हात लिंबाकडे, खाण्याच्या सोड्याकडे नाहीतर मोबाइलवरच्या उपायाकडे जातो. नका जाऊ देऊ. घरी एकदा काही लावलं की पुढचं जे होईल त्याची जबाबदारी कुणाची, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि दुकानाची ती कागदी किंवा कापडी चिठ्ठी कात्रीने कापू नका. हाच कपडा याच पावतीतला, हे ती चिठ्ठीच सांगते.

"धोका असेल तर आम्हाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये" या ओळीवर मात्र आमचं लगेच एकमत झालं. डाग काढायला घासलं, जोरदार ब्लीच लावलं तर डाग जातो आणि त्याच्याबरोबर कापडही जाऊ शकतं. तुमचा कपडा रेशमी असेल तर ही ओळ आणखी ठळक लिहा. आपण घरी पांढऱ्या सुती कपड्यांना वापरतो ते क्लोरीनचं ब्लीच रेशमाला आणि लोकरीला चालत नाही, धागाच खराब होतो.

फोटोंबद्दल थोडं. पहिला पूर्ण शर्टाचा काढला, त्यात कॉलरची चिठ्ठी वाचता येत होती. दुसरा जवळून, डागाशेजारी नाणं ठेवून. दोन्ही सकाळी गॅलरीत, फ्लॅश न लावता. फ्लॅशने फिके डाग पुसून गेल्यासारखे दिसतात. डाग पडला त्या दिवशीचा फोटो असता तर फार बरं झालं असतं. रिसेप्शनचे आठशे फोटो धुंडाळले, सगळ्यांत कोट!

पत्र दोन प्रतींत छापलं. एक दुकानात दिली आणि दुसरीवर मिळाल्याची सही आणि तारीख घेतली. सही द्यायला काउंटरवरचा मुलगा कांकू करत होता, म्हणून तेच पत्र आणि फोटो दुकानाच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावरही तिथेच उभं राहून पाठवले. शर्ट मात्र त्या दिवशी दिला नाही. आधी जबाबदार माणसाशी बोलणं होऊ दे, मग कपडा हातातून सोडू, असं ठरवलं होतं.

त्यांच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, की डाग न निघाल्यास किंवा कपड्याचं नुकसान झाल्यास दुकान जबाबदार नाही. असं बहुतेक पावत्यांवर असतं आणि ते वाचून बरेच जण तिथेच गप्प बसतात. ड्रायक्लीन ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. पावतीवर छापलेल्या एका ओळीने तो हक्क संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक देशभर चालतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल होते. परगावच्या लग्नात गेलेल्या कपड्यांसाठी हे लक्षात ठेवण्यासारखं. पण यातलं एक अक्षरही आम्ही पहिल्या पत्रात घातलं नाही. पहिल्याच कागदावर कायदा दिसला की तो कागद कारागिराकडे जात नाही, मालकाच्या फाइलमध्ये जातो. १२ जूनपर्यंत काहीच उत्तर आलं नसतं, तर दुसरं पत्र लिहायचं होतं आणि त्यात १९१५ चा उल्लेख करायचा होता.

तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. बोलणारे मालकांचे वडील होते, वयस्कर आवाज. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो साबणाचाच. अंगाचा साबण की हातावर घ्यायचं लिक्विड? मग म्हणाले, हळद आहे हे आधी कळलं असतं तर शर्ट सगळ्यांबरोबर मशीनमध्ये टाकलाच नसता. "इस्त्री व्हायला नको होती," हेही त्यांनी स्वतःच कबूल केलं. पूर्ण निघेल असं वचन देत नाही, पण पैसे घेणार नाही, म्हणाले. आधी आतल्या शिवणीवर औषध लावून कापडाचा मोतिया रंग टिकतो का ते बघणार, टिकला तरच पुढे जाणार. आणि उन्हाळा संपायच्या आत शर्ट द्या, पाऊस लागला की माझा अर्धा इलाज बंद.

तो अर्धा इलाज म्हणजे ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. हळदीचे हात लागलेली पांढरी धोतरं त्या धुऊन ओलीच उन्हात टाकत. आजोबांनी हाताने काम करून घेतलं आणि मग शर्ट गच्चीवर वाळत घातला. ऊन खाली, ढग आले की आत, असं चार दिवस चाललं होतं म्हणे. रंगीत शर्ट असता तर हे करता आलं नसतं, कारण उन्हाने त्याचाही रंग उतरला असता.

११ जूनला शर्ट आला. या वेळी ताईने पिशवी दुकानाच्या पायरीवरच काढली, सकाळी अकराच्या उजेडात. डाग गेला होता. म्हणजे कुणाला दाखवला नसता तर दिसला नसता. आपल्याला जागा माहीत असल्यामुळे खिशाच्या वर अगदी फिकी पिवळसर झाक दिसत होती. कॉलरला चिठ्ठी होती, त्यावर हिंदीत हाताने लिहिलं होतं: हळदीचा हलका रंग बाकी, याहून जास्त केल्यास कापड खराब होईल, कडक इस्त्री करू नये.

ताईने चिठ्ठी वाचली आणि आजोबांना विचारलं, इस्त्री हलकी म्हणजे किती? त्यांनी शर्ट परत हातात घेतला आणि आतल्या बाजूने, वर मलमलचा रुमाल ठेवून, स्वतः करून दाखवली. भाच्याने त्याचा व्हिडिओ काढला. दिवाळसणाच्या दिवशी सकाळी त्याला तो लागणार आहे.